वेल्च अनोव्हाचा निकाल लिहिणं

तीन किंवा जास्त गटांच्या सरासऱ्यांची तुलना करताना गटांचा पसरटपणा, म्हणजे व्हेरियन्स, सारखा आहे असं गृहीत न धरणारी एकमार्गी अनोव्हा म्हणजे वेल्च अनोव्हा. बी. एल. वेल्च यांनी ती १९५१ साली मांडली. इथे टेस्ट कशी चालते ते गरजेपुरतंच घेतलंय, मुख्य विषय आहे तिचा निकाल वाक्यांत कसा लिहायचा, कारण आकडे सॉफ्टवेअर देतं पण वाक्य आपल्यालाच लिहावं लागतं आणि घोळ नेमका तिथेच होतो.

उदाहरण म्हणून आर सॉफ्टवेअरसोबत येणारा PlantGrowth हा डेटा घेऊ. रोपांचे तीन गट, प्रत्येकात १० रोपं, मोजलंय ते रोपांचं वाळलेलं वजन. कंट्रोलची सरासरी ५.०३ आणि एसडी ०.५८, ट्रीटमेंट १ ची ४.६६ आणि ०.७९, ट्रीटमेंट २ ची ५.५३ आणि ०.४४. (वजनाचं एकक डेटाच्या माहितीत दिलेलंच नाही, त्यामुळे खाली कुठेही ग्रॅम लिहिलेलं नाही, मनाने एकक चिकटवायचं नसतं.)

```
oneway.test(weight ~ group, data = PlantGrowth)
```

ही कमांड काही वेगळं न सांगता वेल्चचीच टेस्ट करते, aov मात्र जुनी साधी अनोव्हा करते. दोन्हींचं आउटपुट शेजारी ठेवलं तर साध्या अनोव्हात F(२, २७) = ४.८५, p = ०.०१६ येतं आणि वेल्चमध्ये F(२, १७.१३) = ५.१८, p = ०.०१७. निष्कर्ष इथे तोच राहतो, पण कंसातला दुसरा आकडा, म्हणजे दुसरा डीएफ (डिग्रीज ऑफ फ्रीडम), २७ वरून १७.१३ वर आलाय तो का ते कळलं की अर्धं काम झालं. साधी अनोव्हा सगळ्या गटांचा पसरटपणा एकत्र कालवून एकच आकडा काढते. वेल्च तसं करत नाही, प्रत्येक गटाला गटाची संख्या भागिले त्याचा व्हेरियन्स एवढं महत्त्व, म्हणजे वेट, देते. इथे ट्रीटमेंट २ चं वेट येतं ५१ च्या आसपास, कंट्रोलचं २९ आणि ट्रीटमेंट १ चं जेमतेम १६, म्हणजे ज्या गटातली रोपं एकमेकांसारखी आहेत त्याच्या सरासरीवर जास्त भरवसा आणि जिथे वजनं विखुरलीत तिथे कमी. पसरटपणाचा अंदाज गटागटाने वेगळा घ्यायचा तर हातातली माहिती तेवढी पातळ होते, ती कपात डीएफमध्ये दिसते, म्हणून तो अपूर्णांकात येतो.

तर लिहिताना तो अपूर्णांक तसाच ठेवायचा. थीसिसमध्ये हमखास दिसणारी चूक म्हणजे F आणि p वेल्चचे आणि डीएफ मात्र साध्या अनोव्हाच्या टेबलमधून उचललेले, कारण आउटपुटमध्ये ते टेबल आधी येतं. वाचणाऱ्याला ही चूक एका नजरेत पकडता येते: वेल्च केली म्हणून लिहिलंय आणि कंसात दुसरा डीएफ एकूण संख्या वजा गटसंख्या एवढा अगदी पूर्णांक आलाय, तर शंका घ्यायचीच.

आधी गटांचे व्हेरियन्स सारखे आहेत का ते तपासणारी लेव्हीन टेस्ट करायची, ती सिग्निफिकंट आली तरच वेल्च, अशी सवय बऱ्याच जणांना असते. या डेटात लेव्हीन सिग्निफिकंट येत नाही, पण सगळ्यात मोठा व्हेरियन्स सगळ्यात छोट्याच्या तिप्पट आहे आणि गटात १०-१० च रोपं असताना लेव्हीनला फरक दिसत नाही यात नवल ते काय. त्यापेक्षा सरळ सुरुवातीलाच वेल्च ठरवायची आणि तसं लिहायचं. गटांची संख्या सारखी असेल तर साधी अनोव्हा बऱ्यापैकी तग धरते, खरा धोका असतो तो छोट्या गटाचा पसरटपणा मोठा असतो तेव्हा, मग ती नसलेला फरकही दाखवायला लागते.

आता जोड्या. F ने फक्त एवढंच सांगितलं की तिन्ही सरासऱ्या सारख्या नाहीत, कोण कुणापेक्षा वेगळं ते नाही. वेल्चनंतर टुकी लावली तर जो समान पसरटपणा आपण दाराबाहेर ठेवला तोच खिडकीतून आत येतो, म्हणून इथे गेम्स-हॉवेल (१९७६) वापरतात, ती प्रत्येक जोडीसाठी एरर आणि डीएफ वेगळे काढते. मजा इथे आहे. कंट्रोल आणि ट्रीटमेंट २ एवढीच जोडी घेऊन वेल्चची टी टेस्ट केली तर p येतो ०.०४८, म्हणजे सिग्निफिकंट! तीच जोडी गेम्स-हॉवेलमध्ये, तीन तुलनांचा हिशेब धरून, p = ०.११३ होते. आता ०.०४८ वर तारा लावून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तीन जोड्या तपासल्या असतील तर तीनच तपासल्यात हे वाक्यात यायला हवं आणि तिन्हींचे निकाल द्यायला हवेत, आवडलेला एकच नाही.

इफेक्ट साइजमध्ये आणखी एक खड्डा आहे. वेल्चच्या F वरून ओमेगा स्क्वेअर काढायचं एक सूत्र असं:

```
omega2 = df1*(F - 1) / (df1*(F - 1) + N)
```

यात ३० रोपं धरून ०.२२ मिळतात. पण काही सॉफ्टवेअर N वापरत नाही, छेदात F*df1 + df2 + 1 घेतं, आणि तिथे वेल्चचा कापलेला डीएफ गेला की उत्तर ०.२९ येतं. डेटा तोच, नावही तेच, आकडे दोन. म्हणून नुसतं ओमेगा स्क्वेअर न लिहिता सूत्र कोणतं ते एका वाक्यात सांगायचं. जोडीसाठी मात्र हा आकडा कामाचा नाही, तिथे मूळ वजनातला फरक, त्याचा कॉन्फिडन्स इंटरव्हल आणि हवं तर हेजेस g द्यायचा.

सगळं जोडून परिच्छेद असा होतो:

> तीन गटांतल्या रोपांच्या वाळलेल्या वजनाची तुलना वेल्च अनोव्हाने केली. सरासऱ्यांमध्ये फरक आढळला, F(२, १७.१३) = ५.१८, p = ०.०१७, ओमेगा स्क्वेअर = ०.२२ (वेल्चचा F आणि एकूण संख्येवरून). तिन्ही जोड्या गेम्स-हॉवेलने तपासल्या. ट्रीटमेंट २ ची रोपं ट्रीटमेंट १ च्या रोपांपेक्षा सरासरी ०.८७ ने जड भरली, ९५ टक्के इंटरव्हल ०.११ ते १.६२, p = ०.०२४, g = १.२९. कंट्रोलपेक्षा ट्रीटमेंट २ ची सरासरी ०.४९ ने जास्त होती (−०.१० ते १.०९, p = ०.११३) आणि ट्रीटमेंट १ ची ०.३७ ने कमी (−१.१७ ते ०.४३, p = ०.४७५), या दोन्ही फरकांबद्दल या डेटावरून ठामपणे सांगता येत नाही.

शेवटचं वाक्य मुद्दाम तसं ठेवलंय. तिथे "फरक नाही" असं लिहिणारे खूप भेटतात, पण ट्रीटमेंट २ चा इंटरव्हल १.०९ पर्यंत जातो, म्हणजे एका मोठ्या फरकालाही त्यात जागा आहे. आणि या परिच्छेदातून एक विचित्र चित्र उभं राहतं ते लपवू नये: दोन्ही ट्रीटमेंट एकमेकींपासून वेगळ्या ठरल्या, पण कंट्रोलपासून एकही नाही. कंट्रोल मध्ये बसलाय, एक ट्रीटमेंट वर, एक खाली, आणि गटात १० रोपं घेतल्यावर मधल्यापासूनचं अंतर पकडता येत नाही, दोन टोकांमधलं तेवढं येतं.