सुनेचं ताट वेगळं करू नका

"सुनेच्या दंडावर फिकट चट्टा आलाय, डॉक्टर कुष्ठरोग म्हणाले. आता तिचं ताट, अंथरूण वेगळं करायचं ना?"

मुळीच नाही. ताटातून किंवा कपड्यांतून हा आजार पसरत नाही. तो पसरतो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासातून, मुख्यतः श्वासावाटे, आणि बहुतेकांच्या शरीरात त्याला तोंड देण्याची ताकद असतेच. शिवाय औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाचा धोका जवळजवळ संपतो.

तिला डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी चट्ट्यावर पेनाचं टोक हलकेच टेकवलं, तेव्हा तिला ते कळलंच नाही. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, पण त्यावर स्पर्श कळतो. हा फिकट आणि बधिर.

बहुविध औषधोपचाराच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिने घेतल्या की आजार बरा होतो. त्वचा काळवंडते, लघवी तांबूस होते. हे औषधामुळेच, तात्पुरतं. मात्र चट्टा अचानक लाल होऊन सुजला, नस दुखली किंवा हातापायातली ताकद कमी झाली, तर गोळ्या न थांबवता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उशीर झाला तर बोटं वाकडी होतात. घरातल्या सगळ्यांनीही तपासून घ्या.

आणि माहेरी पाठवायचा विचार सोडा. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण 2019 मध्ये कायद्यातूनच काढलं गेलंय.