मिंक ब्लँकेट गरम पाण्यात धुतलं तर चालतं का?

"मिंक ब्लँकेट पॉलिएस्टरचं असतं, गरम पाण्यात कसंही धुवा, जटा फक्त लोकरीच्या होतात."

यातलं अर्धं खरं आहे. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात, गरम पाणी आणि घासणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि ब्लँकेट आटून जाड होतं. पॉलिएस्टरला खवले नसतात, त्यामुळे तसं होत नाही. पण साधारण 70-80 अंशांच्या आसपास पॉलिएस्टर मऊ पडायला लागतं, म्हणजे ड्रायर जास्त तापला की वरच्या मऊ केसांची टोकं वाकतात आणि थंड झाल्यावर तशीच बसतात, मग हाताला खरखरीत लागतं आणि ते परत नीट होत नाही हो.

खात्री करायचीय तर कडेचे थोडे सुटे केस घ्या, गरम साबणाच्या पाण्यात बोटांनी चोळा. लोकर असेल तर घट्ट गोळी होते, पॉलिएस्टरचे केस बहुतेक वेळा सुटे करता येतात.

मिंकला 30 अंशांपर्यंतचं पाणी, थोडंसं लिक्विड डिटर्जंट, हलकी सायकल आणि सावलीत वाळवणं पुरतं, ओलसर असतानाच मऊ ब्रश फिरवला की केस उभे राहतात. पहिल्या एक-दोन धुण्यात थोडे केस गळतात, ते कापताना सुटलेले असतात, पण नंतरही गळत राहिले तर विणीतली पकडच कच्ची आहे असं समजा.