अपंग कामगार नेमणाऱ्या मालकांसाठीच्या सवलती (खान्देशातल्या छोट्या उद्योगांच्या अंगाने)

अपंग माणसाला नोकरी दिली म्हणून मालकाला इन्कम टॅक्समध्ये वेगळी सूट मिळते असा समज जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीत बराच पसरलाय, पण त्यासाठी खास कलम आयकर कायद्यात नाही. कलम ८०यूची वजावट अपंग व्यक्तीला स्वतःच्या उत्पन्नावर मिळते, मालकाला नाही. मालकाच्या हाती दोन गोष्टी असतात, एक म्हणजे पीएफ आणि ईएसआयचा मालकाचा वाटा सरकारने भरायची योजना, आणि दुसरी म्हणजे कलम ८०जेजेएए, जे कुठल्याही नव्या कामगाराला लागू होतं.

या सवलतींची सुरुवात कुठून मोजायची यावर दोन मतं दिसतात. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यातल्या कलम ४१ मध्ये खासगी मालकांना प्रोत्साहन द्यावं, म्हणजे किमान ५ टक्के कामगार अपंग असतील, असं होतं, आणि २०१६च्या कायद्याने तेच कलम ३५ मध्ये ठेवलं. पण दोन्हीकडे सरकारच्या आर्थिक कुवतीची अट आहे. म्हणून २००७-०८च्या बजेटमध्ये जाहीर झालेली आणि १ एप्रिल २००८पासून लागू झालेली योजना हीच खरी सुरुवात धरणं जास्त बरं, कारण मालकाचे पैसे तिथूनच वाचायला लागले. मूळ योजनेत महिना २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या अपंग कामगाराचा मालकाचा वाटा ३ वर्षं सरकार भरणार होतं, प्रशासकीय शुल्क मात्र मालकाकडेच होतं. पुढे अटी बदलत गेल्यात, त्यामुळे आजचा नियम संबंधित कार्यालयातून लेखी घ्यावा, खान्देशचं पीएफचं काम नाशिकच्या कार्यालयातून चालतं.

८०जेजेएएमध्ये वाढीव पगारखर्चाच्या ३० टक्के रकमेची जादा वजावट ३ वर्षं मिळते. यासाठी कामगाराचा पगार महिना २५,०००च्या आत हवा, वर्षात २४० दिवस काम हवं, पीएफ खातं हवं आणि पगार बँकेतून हवा, आठवडे बाजाराच्या दिवशी रोख हप्ता वाटायची गिरण्यांची सवय इथेच नडते. चालू धंद्यात आदल्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी होते त्यापेक्षा कामगार वाढलेले हवेत, एक सोडून गेला आणि त्याच्या जागी अपंग माणूस घेतला तर काही मिळत नाही. आणि फर्मला टॅक्स ऑडिट लागू हवं, म्हणजे ४४एडीखाली अंदाजे नफा दाखवणाऱ्या छोट्या दुकानदाराला हे कलम उपयोगाचं नाही. सीएचा फॉर्म १०डीए रिटर्नच्या मुदतीच्या महिनाभर आधी भरावा लागतो, तो राहिला की वजावट धोक्यात.

आता खरी गुंतागुंत. ज्या कामगाराचं पेन्शन योजनेतलं पूर्ण योगदान सरकार भरतं, त्याचा पगार ८०जेजेएएमध्ये धरता येत नाही. हा अपवाद २०१६च्या वित्त कायद्यात आला, त्याच बजेटमध्ये नव्या कामगारांच्या पेन्शनचे, म्हणजे पगाराचे ८.३३ टक्के सरकार भरणार अशी घोषणा होती. म्हणून एक वाचन असं की अपवाद फक्त तेवढ्यापुरता आहे. दुसरं वाचन असं की कलमात कुठल्याच अनुदानाचं नाव नाही, त्यामुळे अपंगांच्या योजनेतला कामगारही बाहेर पडतो. शब्द पाहता दुसरंच सुरक्षित वाटतं, म्हणजे पीएफची मदत आणि ८०जेजेएए यातलं एकच निवडायचं. ईएसआयच्या मदतीला मात्र हा अपवाद लागत नाही.

समजा जळगावातल्या एका डाळमिलच्या भागीदारी फर्ममध्ये २४ कामगार आहेत, ऑडिट होतं, आणि पॅकिंगला पायाने अपंग असलेला पंचविसावा माणूस १४,००० रुपयांवर घेतला. पीएफचा १२ टक्के वाटा महिना १,६८०, वर्षाचा २०,१६०. सरकारने तो भरला तर एवढे वाचतात असं वाटतं, पण फर्मने स्वतः भरला असता तर तो खर्च धरून ३१.२ टक्के टॅक्स (३० टक्के आणि सेस) कमी झाला असता, म्हणून खरी बचत १३,८७०च. दुसरीकडे वर्षाच्या १,६८,००० पगाराचे ३० टक्के म्हणजे ५०,४०० वजावट, टॅक्स वाचला १५,७२५. फर्मला ८०जेजेएए थोडं बरं पडतं. पण हीच मिल २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या एकट्या मालकाची असेल तर उलटं होतं: वजावटीने १०,४८३ वाचतात, पीएफच्या मदतीने १५,९६७. ईएसआयचे ३.२५ टक्के म्हणजे महिना ४५५, ते दोन्ही बाबतीत वेगळेच.

दोन्हींपैकी काहीही निवडलं तरी तारीख बघावी. ऑगस्टच्या मध्यात नेमलेल्या माणसाचे मार्चपर्यंत २४० दिवस भरत नाहीत, तेव्हा पुढच्या वर्षी दिवस भरले तर तो त्या वर्षी नेमला असं धरलं जातं. आणि सरकारी मदतीसाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे आता यूडीआयडी कार्ड, कामाला घेतानाच फाईलला लावावं, ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व लिहिलेलं. जिल्हा रुग्णालयात बोर्डाची तारीख मिळायला वेळ लागतो, आणि मदत मागताना कागद नसेल तर तेवढे महिने मालकाच्या खिशातून जातात. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा त्यानंतरच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर इथले जुने आकडे टाकू नयेत.