अर्ध्या नंबराचा चष्मा दिवसा नको, रात्री हवा

वाहन परवान्यासाठी शारीरिक पात्रतेचा जो नमुना १ भरावा लागतो, त्यात डोळ्यांविषयी एक प्रश्न असतो: २५ मीटरवरून, दिवसा चांगल्या उजेडात, मोटारीची नंबरप्लेट तुम्हाला वाचता येते का? दूरचा अर्धा नंबर, म्हणजे उणे ०.५ डायॉप्टर असलेला माणूस या प्रश्नाला चष्म्याशिवाय ‘हो’ म्हणतो आणि खरेच बोलतो. त्यामुळे आपल्याला गाडी चालवायला चष्मा लागत नाही, असे त्याला वाटू लागते. पण त्या प्रश्नातले ‘दिवसा, चांगल्या उजेडात’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत.

उणे ०.५ नंबरात नेमके काय होते ते आधी पाहू. बुबुळापासून पडद्यापर्यंत डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. ती जेमतेम ०.२ मिलिमीटरने जास्त झाली की दूरच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या किंचित अलीकडे पडते. एवढ्याने उणे अर्धा नंबर लागतो. अशा डोळ्याला दोन मीटरपर्यंतचे सगळे स्वच्छ दिसते. पुस्तक, मोबाइल, संगणक, स्वयंपाकघर, समोर बसलेला माणूस हे सारे त्या दोन मीटरांत येते, म्हणून या कामांसाठी चष्मा ऐच्छिक आहे. दोन मीटरांपलीकडे प्रत्येक बिंदू पडद्यावर बिंदू न राहता छोटी चकती होऊन पडतो.

ही चकती केवढी असते, हे एकट्या नंबरावर ठरत नाही. डोळ्याची बाहुली किती उघडी आहे, हेही तितकेच महत्त्वाचे असते. बऱ्याच दूरच्या वस्तूसाठी हिशेब सोपा आहे: बाहुलीचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला नंबराने गुणा. येणारे उत्तर म्हणजे दर मीटर अंतरामागे किती मिलिमीटरची चकती होईल तो आकडा. भर उन्हात बाहुली दोन मिलिमीटरपर्यंत आकसते. २ गुणिले ०.५ म्हणजे १. तेव्हा ५० मीटरवरच्या गावाच्या पाटीवरचा प्रत्येक बिंदू ५० मिलिमीटरचा, म्हणजे ५ सेंटिमीटरचा दिसतो. पाटीवरचे अक्षर २० सेंटिमीटर उंच असेल तर कडा मऊ दिसतात, पण नाव वाचता येते.

आता तीच पाटी, तोच माणूस आणि तोच नंबर, पण वेळ रात्रीची. तरुण माणसाची बाहुली अंधारात सहा मिलिमीटरपर्यंत उघडते. ६ गुणिले ०.५ म्हणजे ३. त्याच ५० मीटरवर चकती १५ सेंटिमीटरची होते. नंबर बदललेला नसतो, पण चकतीचा व्यास तिप्पट झालेला असतो.

शिवाय अंधारात अनेकांचा डोळा स्वतःहून आणखी थोडा निकटदृष्टी होतो. ब्रिटनचे राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी अठराव्या शतकातच हे टिपले होते. १८८३ मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी लिहिले की जवळजवळ अंधाऱ्या खोलीत त्यांना उणे भिंग लावल्यावर बरेच स्पष्ट दिसते. १९७०च्या दशकात हर्शेल लिबोविट्झ आणि फ्रेड ओवेन्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लेझरच्या साहाय्याने मोजमाप करून कारण दाखवले. पाहायला काहीच ठळक नसेल, तर डोळ्यातले भिंग अनंतावर स्थिरावत नाही. ते जवळच्या कुठल्यातरी अंतरावर विसावते आणि ते अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. बाहुली मोठी झाल्यावर भिंगाच्या कडेकडून येणारे किरणही यात भर घालतात. रस्त्यावर हेडलाइटचा उजेड असल्याने हा परिणाम पूर्ण अंधारातल्यापेक्षा कमी असतो. तरी एखाद्याच्या बाबतीत तो अर्धा डायॉप्टर धरला, तर एकूण चूक एक डायॉप्टरची होते. मग ५० मीटरवर चकती ३० सेंटिमीटरची, म्हणजे पाटीवरच्या अक्षराहून मोठी.

हा हिशेब निव्वळ भूमितीचा आहे. प्रत्यक्षात चकतीचा मधला भाग अधिक उजळ असतो आणि मेंदूही अंदाज बांधतो, त्यामुळे माणूस याहून थोडे बरे वाचतो. मात्र पाटी निदान चमकते तरी. थंडीत ऊसतोडणीच्या हंगामात, मागे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते तिचे काय? अंधाऱ्या पार्श्वभूमीवरची अंधारी वस्तू आधीच फिकट दिसते. चकत्या एकमेकींवर चढल्या की तिच्या कडा पुसल्या जातात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते, तेव्हा ट्रॉली तीन सेकंद उशिरा दिसणे म्हणजे ५० मीटर हातचे जाणे. म्हणून उणे अर्धा किंवा पाऊण नंबर असलेल्याने फक्त गाडी चालवताना, आणि त्यातही रात्री, चष्मा लावणे अगदी शास्त्रशुद्ध आहे. स्वतःपुरती खात्री करायची असेल तर रात्री गाडीत चालकाशेजारी बसा. येणाऱ्या पाट्या आधी चष्म्याशिवाय आणि मग चष्म्याने वाचून पाहा. फरक जाणवला तर प्रश्न मिटला. दिव्यांभोवती किरणे पसरत असतील आणि चष्मा लावूनही ती तशीच राहत असतील, तर मोतीबिंदू किंवा सिलिंड्रिकल नंबर तपासून घ्यावा.

‘नाइट ड्रायव्हिंग’ म्हणून विकले जाणारे पिवळ्या काचेचे चष्मे यावर उपाय नाहीत. ते नंबर दुरुस्त करत नाहीत आणि आधीच अपुरा असलेला उजेड आणखी कमी करतात. नंबर घालवणाऱ्या व्यायामांचेही तसेच. लांबलेला डोळा व्यायामाने आखूड होत नाही. अंधूक अक्षर ओळखायचा सराव होतो, म्हणून तक्त्यावरची एखादी ओळ जास्त वाचता येते इतकेच.

भर ऊन आणि रात्रीचा अंधार या दोन टोकांच्या मध्ये वर्गातला फळा येतो. इथे अंतर थोडे असल्याने स्वच्छ दिसणारे पहिले दोन मीटर हिशेबातून वगळायला हवेत. वर्गात बाहुली साधारण चार मिलिमीटर धरली, तर अर्ध्या नंबराच्या मुलाला सहा मीटरवरच्या फळ्यावर उरलेल्या चार मीटरांची, म्हणजे ८ मिलिमीटरची चकती दिसते. मोठी अक्षरे वाचता येतात, पण अनुस्वार आणि दशांशचिन्ह हरवते. म्हणजे मराठीचा धडा निभावतो आणि गणितात ३.५ चे ३५ होतात. फळ्यापुरता चष्मा इथे योग्यच. वही लिहिताना काढला तरी अपाय नाही. पण दर मिनिटाला काढघाल होणार असेल तर तास संपेपर्यंत डोळ्यांवर राहू द्यावा.

‘चष्म्याची सवय लागते, नंबर वाढतो’ ही भीती घरोघरी असते. मलेशियात मुलांना मुद्दाम पाऊण डायॉप्टर कमी नंबराचे चष्मे देऊन पाहिले गेले. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन वर्षांत त्यांचा नंबर पूर्ण चष्मा असलेल्यांपेक्षा थोडा जास्तच वाढला. वाढत्या वयात डोळा लांबत जातो म्हणून नंबर वाढतो. त्यामुळे मुलाचा आजचा अर्धा नंबर ऐच्छिक असला, तरी सहा महिन्यांनी तो तेवढाच असेल असे धरून चालू नये.

आणि मुलांची तपासणी फक्त संगणकावर करून थांबू नये. मूल यंत्रात पाहताना डोळा आवळते आणि नसलेला उणे नंबर कागदावर उमटतो. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासल्यावर तो कधी कधी शून्य निघतो, तर कधी अधिक बाजूला जातो. थोडा अधिक नंबर मुलाचे डोळे सहज भरून काढतात, त्याला बहुधा चष्मा लागत नाही. मात्र दोन डोळ्यांच्या नंबरात ठळक फरक असेल किंवा डोळा तिरळा होत असेल, तर नंबर लहान दिसला तरी निर्णय पालकांनी घेऊ नये. अशा मुलाला डॉक्टरांनी दिवसभर चष्मा सांगितला असेल, तर फळ्यापुरता लावून भागत नाही, कारण मेंदू मागे पडलेल्या डोळ्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो आणि ती सवय मोठेपणी मोडणे फार अवघड असते.