उपपद आणि दारापद: लग्नासाठी नेमकं कोणतं बघायचं?

दोन्ही आरूढच, मोजायची रीतही एकच, म्हणून घोळ होतो. सप्तम स्थानाचं आरूढ म्हणजे दारापद आणि व्ययस्थानाचं म्हणजे बाराव्याचं आरूढ ते उपपद. जैमिनी पद्धतीत दारापदावरून ओढ बघतात, कोण आवडतं, कोणाशी सूत जुळतं, धंद्यातला पार्टनरसुद्धा, पण प्रत्यक्ष लग्न, जोडीदार आणि त्याचं घराणं बघायला उपपद धरतात.

एक पत्रिका घेऊ. मेष लग्न, गुरू-चंद्र वृषभेत, शुक्र कुंभेत, रवी मेषेत, मंगळ सिंहेत. बारावी रास मीन, स्वामी गुरू. मीनेपासून वृषभ तिसरी (मीन स्वतः एक धरायची, इथेच निम्मे लोक चुकतात), मग वृषभेपासून तिसरी कर्क, ते झालं उपपद. सप्तमात तूळ, स्वामी शुक्र तुळेपासून पाचव्या राशीत, कुंभेपासून पाचवी मिथुन म्हणजे दारापद मिथुन.

आता या माणसाला आवडतात कोण, तर बोलकी, हजरजबाबी माणसं, कारण मिथुन बुधाची. पण लग्न ठरतं ते कर्केच्या स्वभावाच्या व्यक्तीशी, मायाळू, घरात रमणारी, थोडी हळवी. उपपदाचा स्वामी चंद्र उच्चीचा आणि सोबत गुरू, म्हणजे सासर खातंपितं, माणसं सभ्य. चंद्र रवीच्या पुढच्याच राशीत, अमावास्येच्या आसपासचा असल्याने क्षीण आहे, तेव्हा मन लवकर खट्टू होणार हेही मी त्यात धरेन. फक्त दारापद बघून कोणी "बायको बडबडी असेल" असं सांगितलं तर ते वर्णन कदाचित कॉलेजमधल्या मैत्रिणीचं असेल, बायकोचं नाही!

लग्न टिकेल का हे मात्र उपपदाच्या दुसऱ्या राशीवरून बघतात. इथे सिंहेत मंगळ, पापग्रह, त्यामुळे शब्दाला शब्द वाढणार, घरात आवाज चढणार. नुसतं एवढं बघून घटस्फोट सांगून मोकळे होणारे खूप आहेत, पण सिंहेचा स्वामी रवी मेषेत उच्चीचा आहे ना, तो सावरून घेतो, म्हणून मी भांडणं सांगेन, मोडणं नाही.

मोजताना एक अपवाद सांभाळा. आरूढ ज्या राशीपासून मोजलं त्याच राशीत किंवा तिच्यापासून सातवीत पडलं तर ते तसंच ठेवत नाहीत, तिथून दहावी रास घेतात. म्हणजे वरच्या पत्रिकेत गुरू धनूत असता तर उत्तर कन्या आलं असतं, मीनेपासून सातवी, मग कन्येपासून दहावी मिथुन हे उपपद. काही ॲप हा नियम लावतात, काही लावत नाहीत, त्यामुळे दोन ठिकाणी दोन उपपदं दिसली तर आधी हेच तपासा. आणि लग्न राशीच्या अगदी शेवटच्या अंशावर असेल तर जन्मवेळ दोन-चार मिनिटं हलली तरी बारावी रासच बदलते, अशा पत्रिकेत वेळ पक्की केल्याशिवाय उपपदावर मी तरी काही बोलत नाही.