हातावरचा ताल : त्रितालाची प्राथमिक पढंत

तबल्याचे बोल वाद्यावर वाजविण्यापूर्वी तोंडाने म्हणणे, यास पढंत म्हणतात. नवशिक्याकडून बोल म्हणवून घेताना त्याच वेळी टाळी, काल (खाली) आणि बोटांची मोजणी करून घेतात. त्यास हातावर ताल धरणे असे म्हणतात. आरंभासाठी बहुधा त्रितालच निवडला जातो. त्याच्या १६ मात्रा चार-चारच्या चार खंडांत विभागलेल्या असतात. टाळ्या १, ५ व १३ या मात्रांवर आणि काल ९ व्या मात्रेवर येतो.

हाताने ताल दाखविण्याची रीत किती जुनी, याविषयी मतभेद आहेत. नाट्यशास्त्राच्या ३१ व्या अध्यायात सशब्द व निःशब्द अशा दोन प्रकारच्या क्रिया सांगितल्या आहेत. शम्या, ताल इ. क्रियांत आवाज होतो, तर आवाप, निष्क्राम इ. क्रियांत हात केवळ हलतो. आजची टाळी व काल ही त्याच क्रियांची सरळ परंपरा होय, असे काही अभ्यासक मानतात. तथापि त्या ग्रंथातील तालांची रचना आजच्या ठेक्याहून बरीच वेगळी असल्याने, तत्त्व जुने पण सध्याची मांडणी पुष्कळ अलीकडची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. लेखनचिन्हांतही एकवाक्यता नाही. भातखंडे पद्धतीत समेला × व कालाला ० लिहितात, तर पलुस्कर पद्धतीत समेला १ व कालाला + लिहितात; त्यामुळे एका पद्धतीवर वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडतो तेव्हा कालालाच सम समजण्याचा संभव असतो.

ठेका पुढीलप्रमाणे म्हणतात :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेला टाळी देऊन पुढील तीन मात्रा करंगळी, अनामिका व मधले बोट अशा क्रमाने मोजतात. नवव्या मात्रेला टाळी न देता उजवा तळहात उताणा करून बाजूला नेतात. मिनिटास सुमारे ६० मात्रा ही लय सोयीची ठरते. तीत एक आवर्तन १६ सेकंदांत पुरे होते. याहून फार संथ लय सोपी वाटली तरी नवशिक्याला दोन मात्रांमधील अंतर सांभाळता येत नाही आणि तो नकळत पुढे धावू लागतो.

या ठेक्यात नवशिक्याला खरी अडचण येते ती तिसऱ्या खंडात. ‘धा’ व ‘धिं’ यांत तबला आणि डग्गा दोन्ही वाजतात. ‘ता’ व ‘तिं’ यांत डग्ग्याचा घुमारा नसतो. मराठी कानाला ध व त यांतला भेद शिकवावा लागत नाही, ही सोय आहे. मात्र हात नवव्या मात्रेवर रिकामा होतो, तरी तोंडात त्या वेळी भरीव ‘धा’ असतो. घुमारा जातो तो १० व्या मात्रेपासून आणि परततो १४ व्या मात्रेवर. म्हणजे हाताचा काल आणि बोलांचा काल यांत एका मात्रेचे अंतर पडते. काही जण नवव्या मात्रेवरही ‘ता’ म्हणतात. तो पाठ शिकण्यास सोपा असला, तरी ‘धा’चा पाठ अधिक रूढ आहे. विद्यार्थी तेराव्या मात्रेवर ‘धा’ म्हणून मोकळा झाला, तर त्याने पहिल्या खंडाचीच पुनरावृत्ती केली, असे समजावे.

दुसरी चूक शेवटी होते. सोळाव्या मात्रेवर थांबून विद्यार्थी श्वास घेतो आणि सम उशिरा येते. आवर्तन सोळाव्या मात्रेवर नव्हे, पुढच्या समेवर संपते, हे पटविण्यासाठी शेवटचा ‘धा’ समेच्या टाळीबरोबर म्हणवून मगच थांबवितात. असे एका आवर्तनात १७ बोल म्हटले जातात. पुढची कसोटी अशी : एक आवर्तन मोठ्याने, दुसरे मनात, हात मात्र चालूच. मनातले आवर्तन संपवून सम बरोबर टाळीवर उघडली, तर ठेका बसला.

त्यानंतर दुगुन घेतात. हात पूर्वीच्याच लयीत ठेवून एका मात्रेत दोन बोल म्हणायचे असतात :

धाधिं धिंधा धाधिं धिंधा । धातिं तिंता ताधिं धिंधा

हा संपूर्ण ठेका आठ मात्रांत संपतो, म्हणून दुसऱ्यांदा त्याची सुरुवात नवव्या मात्रेवर, म्हणजे रिकाम्या हातावर होते. तोंडात ठेक्याचा पहिला ‘धा’ आला की हात सवयीने टाळी देऊ पाहतो. बोलांबरोबर हातही दुप्पट वेगाने चालू लागला, तर ती दुगुन राहत नाही, केवळ लय वाढते. हे ओळखण्यासाठी शिक्षकाने विद्यार्थ्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या बोटांकडे पाहावे.