खरेदी मंजुरीचा तक्ता : मर्यादा बिलाला नको, कामाला लावा

"मंजुरीचा तयार तक्ता व्हॉट्सअॅपवर पाठवा," असा निरोप आम्हाला वरचेवर येतो. पाठवणं अवघड नाही, पण दुसऱ्याचे आकडे तुमच्या मिलला लागू पडत नाहीत. म्हणून आम्ही आधी मागच्या १२ महिन्यांचं खरेदी रजिस्टर मागतो. बिलं रकमेप्रमाणे लावली की एक जागा दिसते, जिच्या वर बिलं मोजकीच असतात पण बराचसा पैसा तिथेच जातो. मालकाची सही तिथून सुरू व्हावी. त्याखालच्या प्रत्येक बिलाला मालक लागला, तर तो बाहेरगावी असताना एका बेअरिंगपायी मिल उभी राहते.

खरा घोळ होतो तो तक्त्यातल्या एका ओळीने: "₹१०,००० पर्यंतचं बिल स्टोअरकीपर मंजूर करील." लातूरच्या एका डाळ मिलमध्ये हेच लिहिलेलं होतं. त्याच्या वर ₹५०,००० पर्यंत मॅनेजर आणि पुढे शेठ. तुरीच्या हंगामाआधी एलिव्हेटरची दुरुस्ती निघाली. पट्टा ₹९,४००, बकेट ₹९,६००, बेअरिंग आणि नटबोल्ट ₹८,७००. दुकान एकच, आठवडा एकच, बिलं तीन. तिन्हींवर स्टोअरकीपरची सही. काम एकूण ₹२७,७०० चं झालं आणि मॅनेजरला पत्ताच नव्हता. स्टोअरकीपरने लबाडी केली असं आम्ही म्हणणार नाही. तक्त्याने सांगितलं तेवढंच त्याने केलं.

म्हणून आम्ही ओळ अशी लिहितो: "एका कामासाठी लागणाऱ्या सगळ्या मालाची जीएसटीसह एकूण रक्कम." जीएसटी धरायचा की नाही, हे लिहिलंच पाहिजे. ₹९,४०० वर १८ टक्के लागला की ₹११,०९२ होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. मंजुरी ऑर्डर देण्याआधी घ्यायची, कारण माल उतरल्यावरची सही म्हणजे नुसती पावती. रात्री मशीन बंद पडलं तर मॅनेजरचा मेसेज चालेल, दुसऱ्या दिवशी कागदावर सही घ्यावी. तक्त्यात माणसाचं नाव न लिहिता पद लिहावं आणि रजेवर त्याच्या जागी कोण, हेही.

मोंढ्यातली तूर-हरभऱ्याची खरेदी यात घालू नका. तिथे भाव सौद्याच्या वेळी ठरतो, त्यामुळे क्विंटल आणि भावाची मर्यादा वेगळी बांधावी लागते.

तुमच्याकडे आधीच तक्ता असेल तर टॅलीतून एका दुकानाचं खातं उघडा आणि मर्यादेच्या जेमतेम खालची, जवळजवळच्या तारखांची बिलं शोधा. अशी तीन-चार सापडली तर ती बिलं आणि रजिस्टर घेऊन या. पहिली बैठक आम्ही मोफत घेतो, आणि तक्ता बसवल्यावर तीन महिन्यांनी हीच तपासणी पुन्हा करून देतो.